दंडावरचा सेन्सर आणि पोह्यांचा डोंगर : मधुमेह नसताना सीजीएम लावणाऱ्यांसाठी

माझ्या वडिलांना बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. मी आता त्रेचाळीस वर्षांची आहे. अनशापोटीची साखर ९१, दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी ५.४ टक्के, म्हणजे कागदावर सगळं ठीक. तरीही धाकधूक होतीच, म्हणून गेल्या वर्षी दंडावर सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर, म्हणजेच सीजीएम, लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाल्ले आणि पाऊण तासाने फोनवर १६३ दिसलं. आलेखाची रेघ डोंगरासारखी उभी चढली होती. त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं की आजपासून पोहे बंद.

तो निर्णय चुकीच्या पायावर घेतला होता, हे कळायला मला पाच आठवडे आणि दोन सेन्सर लागले. पोहे वाईट की चांगले हा मुद्दा नाही. एका डोंगरावरून काहीच ठरत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पहिला सेन्सर लावणार असाल तर खालच्या क्रमाने जा.

एक गोष्ट आधीच सांगते. हा लेख मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सेन्सरचा वापर वेगळा असतो. तिथे कमी दाखवणारा आकडा जिवाशी खेळ ठरू शकतो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाचायचा असतो. गरोदर असाल तरीही हे मार्गदर्शन तुमच्यासाठी नाही.

## १. आधी प्रयोगशाळेचे दोन कागद हातात घ्या

सेन्सर लावण्याआधीच्या महिनाभरातली अनशापोटीची साखर आणि एचबीएवनसी करून घ्या. सेन्सर मधुमेहाचं निदान करत नाही. निदान रक्ताच्या तपासणीवर होतं, आणि त्याच्या सीमारेषा ठरलेल्या आहेत. अनशापोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के मधुमेहपूर्व, ६.५ टक्के किंवा जास्त मधुमेह. लक्षणं नसताना असा आकडा आला तर तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते. (साखरेचे सगळे आकडे दर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये आहेत, दर वेळी लिहीत नाही.)

बायकांनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. आपल्याकडे ही कमतरता घरोघरी आहे, म्हणून एचबीएवनसीच्या आकड्याने घाबरण्याआधी हे पाहून घेतलेलं बरं.

याशिवाय लागणारं सामान असं :

- सेन्सर, आणि त्याचं अॅप तुमच्या फोनवर चालतं याची विकत घेण्याआधीच खात्री. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला सेन्सर इथल्या अॅपला जोडला जाईलच असं नाही.
- साधा ग्लुकोमीटर आणि निदान पंचवीस स्ट्रिप. हे टाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा.
- वही. अॅपमध्ये नोंदी करता येतात, पण झोप, पाळी, सर्दी, भांडण या गोष्टी माणूस वहीतच मोकळेपणाने लिहितो.

विकत घेताना एक फसगत होते. काही सेन्सर डॉक्टरांसाठीचे असतात, लिब्रे प्रो हा त्यातलाच. तो चौदा दिवस नोंदी साठवतो, पण त्या डॉक्टरांच्या यंत्रावरच वाचता येतात. तुम्हाला रोज आकडे बघायचे असतील तर तसं आधी स्पष्ट विचारा.

## २. लावताना बाजू निवडा आणि पहिला दिवस सोडून द्या

सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला लावतात. लावणीयंत्रातली सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि जेमतेम पाच मिलिमीटरची एक मऊ तार कातडीखाली राहते. दुखतं ते चिमटा काढल्याइतकं. जागा साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. तेल किंवा क्रीम राहिलं तर चौथ्या दिवशी कड सुटायला लागते.

तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्याच्या विरुद्ध दंडावर लावा. याचं कारण पाचव्या पायरीत आहे.

तार आत गेल्यावर त्या जागी थोडी इजा होते, सूज येते. म्हणून सेन्सर लावल्यापासूनचे पहिले चोवीस तास आकडे भरकटलेले असू शकतात. अॅप तासाभरात आकडे दाखवायला लागतं, पण वहीत त्या दिवसावर सरळ काट मारा.

माझा सेन्सर फोन जवळ नेऊन वाचायचा होता आणि त्यात मागच्या आठ तासांचीच नोंद राहायची. झोपताना एकदा आणि उठल्या उठल्या एकदा फोन लावला नाही तर रात्रीचा तुकडा कायमचा हरवतो. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या दोन रात्री अशा गेल्या. हल्लीचे बरेच सेन्सर आपोआप फोनकडे आकडे पाठवतात, तिथे ही अडचण नाही.

## ३. सेन्सर आणि ग्लुकोमीटर यांची गाठ घालून द्या

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. पेशींच्या मधल्या जागेत जो द्रव असतो त्यातलं ग्लुकोज तो मोजतो आणि त्यावरून रक्तातला आकडा काढून दाखवतो. रक्तातली साखर या द्रवात उतरायला वेळ लागतो. साधारण पाच ते पंधरा मिनिटं सेन्सर मागे असतो. साखर चढत असेल तेव्हा बोटाचा आकडा पुढे, उतरत असेल तेव्हा सेन्सरचा आकडा वर राहिलेला. म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासाने दोन्ही आकडे जुळवायला बसलात तर हमखास गोंधळ होईल.

जुळवणी सकाळी उठल्यावर करा, काही खाण्या-पिण्याआधी, अॅपमधला बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असताना. हात साबणाने धुऊन पुसा. आंबा किंवा चिकू सोललेल्या बोटाला नुसतं पुसून टोचलं तर बोटावरचा रस स्ट्रिपवर जातो आणि आकडा भलताच वर येतो. तीन सकाळी असं करा. माझे आकडे असे आले : सेन्सर १०४, बोट ९२; सेन्सर १०६, बोट ९५; सेन्सर १०१, बोट ९०. म्हणजे माझा सेन्सर दर वेळी अकरा-बाराने जास्त बोलत होता. दुसरा सेन्सर लावला तो जवळजवळ बरोबर निघाला. प्रत्येक सेन्सरचा स्वभाव वेगळा, म्हणून ही जुळवणी प्रत्येक नव्या सेन्सरला पुन्हा करायची.

ग्लुकोमीटरही देववाणी नाही. शंभराच्या वर खऱ्या आकड्यापेक्षा पंधरा टक्के इकडे-तिकडे चालेल, असं त्याच्या प्रमाणित नियमातच आहे. त्यामुळे १०२ की ९७ यावर झोप उडवण्यात अर्थ नाही. आपण शोधतोय तो फरक सतत एकाच दिशेचा आहे का, एवढंच. तीनही दिवस सेन्सर वीस-पंचवीसने चुकत असेल, कधी वर कधी खाली, तर तो सेन्सर बिघडलेला समजा आणि त्यावर प्रयोग करू नका.

वहीत औषधंही लिहून ठेवा. काही सेन्सरांमध्ये जीवनसत्त्व सीच्या मोठ्या मात्रेने आकडा खोटाच वर जातो. सर्दी झाली की आपण चघळतो त्या पाचशे मिलिग्रॅमच्या गोळ्या त्यातच येतात. काही सेन्सरांना पॅरासिटामॉलच्या मोठ्या डोसाने असंच होतं. तुमच्या सेन्सरला काय चालत नाही, ते डब्यातल्या पत्रकात दिलेलं असतं.

## ४. १४० ची रेघ कुठून आली ते समजून घ्या

काही अॅपमध्ये ७० ते १४० हा हिरवा पट्टा असतो. रेघ १४० च्या वर गेली की रंग बदलतो आणि माणसाच्या छातीत धस्स होतं. डॉक्टरांच्या तपासणीत १४० हा आकडा येतो तो असा : पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी शिरेतल्या रक्तात साखर १४० च्या खाली आली पाहिजे. तो दोन तासांनंतरचा आकडा आहे. मधल्या वेळात ती किती उंच चढली, हे ती तपासणी विचारतच नाही.

निरोगी माणसांची साखर दिवसभर कशी चालते, हे २०१९ साली अमेरिकेत मधुमेह नसलेल्या १५३ जणांना सेन्सर लावून पाहिलं गेलं. त्यात मुलंही होती आणि साठीच्या पुढचेही. त्यांची दिवसाची सरासरी साधारण ९८-९९ होती, साठीच्या पुढच्यांची थोडी जास्त. आणि त्यांच्यातल्या सर्वसाधारण माणसाचा दिवसातला सुमारे अर्धा तास १४० च्या वर जात होता. पावएक तास ७० च्या खालीही. म्हणजे ही रेघ अधूनमधून ओलांडणं हे निरोगी शरीराचंच वागणं आहे.

माझं पोह्यांनंतरचं १६३ आता पुन्हा पाहू. त्यातून सेन्सरचे अकरा वजा केले की राहतात १५२. दोन तासांनी सेन्सर १०८ वर आला होता. उंची पाहून मी घाबरले, पण बघायचं होतं ते उतरणं. साखर आली, स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं, दोन तासांत साखर जागेवर. हे काम नीट चालल्याचं लक्षण आहे.

वहीत म्हणूनच तीन आकडे लिहा : खाण्याआधी किती, सगळ्यात वर किती, दोन तासांनी किती. पहिल्या दोहोंतली वजाबाकी म्हणजे चढ. चढ लिहिला की सेन्सरची अकरा-बाराची चूक बरीचशी आपोआप कटते, कारण ती दोन्ही आकड्यांत असते. पूर्ण कटत नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात निरोगी लोकांवर केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फळांच्या स्मूदीचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ साखर किती चढवतो याचं माप, बोटाच्या रक्तावरून ५३ आला, म्हणजे कमी गटात. सेन्सरवरून तोच ६९ आला. स्मूदी तीच आणि माणसंही तीच. सेन्सरच्या भरवशावर फळं सोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

## ५. रात्रीची दरी : आधी कूस तपासा

आठव्या रात्री जाग आली म्हणून सेन्सरला फोन लावून पाहिला. साखर ५४. मी घाबरून उठले, घाम वगैरे काही नव्हता, हात थरथरत नव्हते. बोट टोचलं तर ८८.

मी डाव्या कुशीवर झोपते आणि तेव्हा सेन्सर डाव्या दंडावर होता. अंगाचा भार पडला की त्या जागेतला द्रव आणि रक्तप्रवाह दाबला जातो, सेन्सरच्या तारेभोवतालचं ग्लुकोज कमी होतं आणि तो खरोखरच तेवढं कमी मोजतो. फक्त ते साऱ्या शरीराचं नसतं, दंडाच्या त्या बोटभर जागेचं असतं.

आलेखावर ही दरी ओळखता येते. भिंत सरळ खाली, थोडा वेळ तळ, आणि काहीही न खाता तितक्याच सरळ वर. खरी साखर उतरते ती उतारासारखी, हळूहळू, आणि बहुधा घाम, थरथर, भूक अशी काहीतरी जाणीव देते. शंका आली की बोट टोचा. बोट ७० च्या खाली आलं आणि असं पुन्हा झालं तर डॉक्टरांकडे जा. मी दुसरा सेन्सर उजव्या दंडावर लावला आणि चौदा रात्रींत एकदाही दरी पडली नाही.

या एका चुकीपायी रात्री उठून साखर-पाणी पिणारे लोक मला माहीत आहेत. माझ्या जाऊबाईंनी चार रात्री ग्लुकोजची पूड घेतली होती, आणि त्या अगदी ठणठणीत आहेत.

## ६. एक पदार्थ चार सकाळी

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, त्यामुळे घाई करू नका.

एकच जेवण त्याच माणसाला आठवड्याच्या अंतराने दोनदा दिलं तर साखर सारखीच चढेल असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केविन हॉल यांच्या गटाने हे तपासलं. माणसं संस्थेतच राहत होती आणि जेवण मोजून दिलं जात होतं. तरी एकाच माणसाच्या एकाच जेवणानंतरच्या दोन चढांत इतकी तफावत निघाली, की वेगवेगळ्या जेवणांमधला फरक त्यापेक्षा फारसा मोठा नव्हता. याच गटाने २०२० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. एकाच माणसाला दोन कंपन्यांचे सेन्सर एकदम लावले, तर कोणतं जेवण जास्त साखर चढवतं याचा क्रम दोघांचा जुळत नव्हता.

म्हणून एका सकाळचा आकडा म्हणजे एकदाच नाणं उडवणं. करायचं ते असं. पदार्थ वजन करून घ्या. रोज तीच वेळ. आदल्या रात्रीचं जेवण साधारण सारखं. खाण्याआधी बारा तास पोट रिकामं, चहासुद्धा नंतर. खाल्ल्यावर दोन तास नेहमीसारखंच वागायचं; एक दिवस बसून आणि एक दिवस बाजारात चालत असं नको, कारण जेवणानंतरची वीस मिनिटांची चालसुद्धा चढ कमी करते.

मी साठ ग्रॅम कोरडे पोहे, ठरलेलं तेल आणि चमचाभर शेंगदाणे असं चार सकाळी खाल्लं :

- पहिली सकाळ : ९६ वरून १६३, चढ ६७
- दुसरी : ९४ वरून १३९, चढ ४५
- तिसरी : ९९ वरून १७१, चढ ७२
- चौथी : ९७ वरून १४८, चढ ५१

सरासरी ५९. पण पहा, सर्वांत कमी ४५ आणि सर्वांत जास्त ७२. माणूस तोच, वाटी तीच. दुसऱ्या सकाळी सेन्सर लावला असता तर मी म्हणाले असते की मला पोहे छान मानवतात.

मग मुगाची धिरडी, तीही वजन करून, चार सकाळी. चढ आले ३३, २१, ४४ आणि २७. सरासरी ३१. धिरड्यांचा सर्वांत मोठा चढ ४४ आणि पोह्यांचा सर्वांत छोटा ४५. दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत, जेमतेम का होईना. इथे मी म्हणेन की माझ्या शरीरात धिरडी पोह्यांपेक्षा कमी चढवतात.

आता जे मला सर्वांत जास्त शिकवून गेलं ते सांगते. ज्वारीची भाकरी आणि गव्हाची पोळी. पीठ दोन्ही वेळी सत्तर ग्रॅम, सोबत तीच मेथीची भाजी. पहिल्या दिवशी भाकरीचा चढ ३८ आणि पोळीचा ५५. मला इतका आनंद झाला की मी तो आलेख आमच्या कुटुंबाच्या गटावर टाकायला निघाले होते. नवऱ्याने विचारलं, “पोह्यांच्या वेळी चार दिवस थांबलीस, मग आता का नाही?” थांबले. भाकरी : ३८, ६१, ४४, ५२. पोळी : ५५, ३६, ५८, ४७. दोन्हींची सरासरी ४९ च्या आसपास. काहीही फरक नाही. भाकरी मी अजूनही खाते, ती मला आवडते आणि तिच्यात तंतू आहेत म्हणून. साखर कमी चढते असं मात्र माझ्यापुरतं मला म्हणता येत नाही.

नियम एवढाच लक्षात ठेवा : दोन पदार्थांचे चार-चार चढ शेजारी लिहा. आकडे एकमेकांत गुंतत असतील तर फरक ठरला नाही. चार नोंदी हाही फार मोठा पुरावा नाही, पण एकीपेक्षा पुष्कळ बरा.

चौदा दिवसांत असे फार तर दोन-तीन पदार्थ होतात. त्यामुळे आठवड्यातून चार-पाच वेळा पोटात जाणारेच पदार्थ निवडा. वर्षातून चारदा खायच्या पुरणपोळीवर सेन्सरचे दिवस घालवू नका.

## ७. खाल्लं नाही तरी डोंगर

रविवारी अनशापोटी अजिंक्यतारा भराभर चढले. वर पोचेपर्यंत साखर ९८ वरून १३६. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

जोराचा व्यायाम करताना अॅड्रेनालिन वाढतं आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं; पायांच्या स्नायूंना ते हवं असतं. स्नायू घेतात त्यापेक्षा यकृताने जास्त सोडलं तर काही वेळ रेघ वर जाते. हा चढ पाहून व्यायाम सोडणारे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. नियमित व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं. त्या चाळीस मिनिटांच्या रेघेत ते दिसत नाही.

पहाटे उठण्याच्या सुमारास साखर थोडी वर सरकते तीही यकृताचीच. ताप, अपुरी झोप, परीक्षेसारखा ताण, स्टेरॉइडच्या गोळ्या, यांनीही आकडे वर जातात. कडकडीत पाण्याने अंघोळ केली की सेन्सरच्या जागेचा रक्तप्रवाह बदलतो आणि छोटा उंचवटा दिसू शकतो. वहीत हे लिहिलेलं असेल तर पंधरा दिवसांनी आलेख पाहताना कोडी पडत नाहीत.

## ८. सपाट रेघेचा मोह

पहिल्या सेन्सरच्या दुसऱ्या आठवड्यात मला रेघ सपाट ठेवायचा छंदच लागला. भात बंद, पोळी बंद, फळं बंद. पनीर, शेंगदाणे, अंडी, आणि जे खाईन त्यावर तूप. रेघ अगदी शांत. मला वाटलं, जमलं.

सेन्सर फक्त ग्लुकोज पाहतो. पदार्थात तूप वाढवलं की पोट हळू रिकामं होतं आणि डोंगर बुटका होतो, पण उष्मांक वाढलेले असतात आणि रक्तातल्या चरबीचं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. फळांच्या रसात फ्रुक्टोज असतं, तेही रेघेवर फारसं उमटत नाही. दारू तर यकृताचं ग्लुकोज सोडणं अडवते, म्हणून दारूनंतर रेघ खालीही येते. ती रेघ पाहून कोणी दारूला चांगलं म्हणणार नाही.

सहा दिवस असं खाल्ल्यावर मावसबहिणीच्या लग्नाला गेले. मसालेभात, दोन जिलेब्या. सेन्सर १८९ वर. मला रडूच आलं, वाटलं की मधुमेह आलाच. खरं कारण उलटं होतं. कित्येक दिवस पिष्टमय पदार्थ कमी खाल्ले की शरीर चरबीवर चालायला लागतं आणि अचानक आलेल्या साखरेला पहिला प्रतिसाद मंद पडतो. म्हणूनच ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीआधी तीन दिवस रोज निदान दीडशे ग्रॅम पिष्टमय पदार्थ खायला सांगतात. नाहीतर निरोगी माणसाचा अहवालही वाईट येऊ शकतो. मी पुन्हा पोळी-भात सुरू केला. दहा दिवसांनी तशाच मसालेभातानंतर, जिलेबीशिवाय, १४४ आलं. (हाही एकच आकडा आहे, आणि जिलेबीही नव्हती. म्हणून तुलना मी अर्धीच धरते.)

तुमच्या खाण्यावर भीतीची सावली पडायला लागली, ताटातलं एकेक काढून टाकावंसं वाटू लागलं, जेवणाआधी फोन उघडायला हात जाऊ लागला, तर सेन्सर त्याच दिवशी काढा. पूर्वी खाण्यासंबंधीचा विकार झालेला असेल तर लावूच नका.

## ९. केव्हा डॉक्टरांकडे जायचं

डोंगराच्या उंचीपेक्षा या गोष्टी मोजा. बहुतेक जेवणांनंतर तीन तास उलटूनही साखर १४० च्या वरच राहते. सकाळची बोटाची साखर, हात धुऊन, वेगवेगळ्या दिवशी १०० च्या वर येते. साधं जेवण असूनही २०० ओलांडलं आणि बोटानेही तेच सांगितलं. किंवा खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं. यासाठी तर सेन्सरची वाटच पाहायची नाही.

डॉक्टरांकडे जाताना शेकडो आलेख नेऊ नका. चौदा दिवसांची सरासरी, १४० च्या वर गेलेला वेळ, तीन सकाळची सेन्सर-बोट जुळवणी आणि चालू औषधांची यादी एका पानावर लिहा, सोबत प्रयोगशाळेचे कागद. डॉक्टर बहुधा शिरेतल्या रक्ताची तपासणी पुन्हा सांगतील, आणि ती केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. बोटातलं रक्त जेवणानंतर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त साखर दाखवतं, कारण वाटेत स्नायूंनी आपला वाटा उचललेला नसतो. म्हणून जेवणानंतरच्या बोटाच्या आकड्याला प्रयोगशाळेची रेघ लावायची नसते.

## १०. काढताना

मुदत संपली की कड खोबरेल तेलाने भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि हळू ओढा. लालसर गोल दोन-तीन दिवस राहतो. फोड, पू किंवा पसरणारी खाज असेल तर त्वचा दाखवा, आणि पुढचा सेन्सर त्याच जागी लावू नका. एमआरआय ठरलेला असेल तर सेन्सर लावल्याचं आधीच सांगा. अनेक सेन्सर त्याआधी काढावे लागतात. लावणीयंत्रात सुई असते, ते घरच्या कचऱ्यात तसंच टाकू नका. जाड डब्यात बंद करून औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात द्या.

मी दुसऱ्यानंतर तिसरा सेन्सर घेतला नाही. नाश्त्याला आता आठवड्यातून तीनदा धिरडी असतात, रविवारी पोहे, आणि पुढची रक्ततपासणी जूनमध्ये आहे.